कय्यूमभाईंचे एक ते पाच

कय्यूमभाई म्हणजे मुलचेऱ्याकडच्या एका आरोग्य संस्थेतले कारकून. कुणी "काम ठीक हाय" म्हटलं की हे हसून विचारणार, "ठीक म्हंजे काय, भाऊ?"

तिथे गावोगावच्या सेविकांना पर्यवेक्षक सुरेंद्र दरवर्षी एक ते पाच गुण देई. ज्या घरी झिंग्याची भाजी मिळे, तिथं पाच. तोंडाळ बाईला दोन. मासे धरणाऱ्या ढिवरांची गोकुळा अशी दोनवाली. दोन मिळाले की ती सुरेंद्रशी दिवसभर भांडे.

मग निधी आटला. पुढच्या मार्चला तीनच्या खाली असेल तिला ठेवायचं नाही, असं सचिवांनी ठरवलं, आणि प्रत्येक गुणाचा अर्थ लिहायला कय्यूमभाईंना बसवलं. त्यांना वाटलं, चला, आता सुरेंद्रच्या मर्जीतून गोकुळाबाई सुटली.

केवढ्या हौसेनं लिहिलं त्यांनी! 'चांगली', 'मेहनती' असले शब्द काढून टाकले. डोळ्यांना दिसेल तेवढंच ठेवलं. सांगूनही घरभेटी होत नाहीत, तर एक. भेटी होतात पण काही राहतात, तर दोन. ठरलेल्या सगळ्या भेटी झाल्या आणि तापाच्या रोग्याचं रक्त मलेरिया तपासायला त्याच दिवशी काचेवर घेतलं, तर तीन. एवढं करून औषध अर्धवट सोडणाऱ्याच्या घरी स्वतःहून पुन्हा जाते, तिला चार. आणि चारचं सगळं करून शेजारच्या सेविकेलाही शिकवते, तिला पाच. मग सुरेंद्र आणि दुसरी पर्यवेक्षिका रीता, दोघांना एकाच बाईला वेगवेगळं बसून गुण द्यायला लावले. जिथे फरक पडला तिथलं वाक्य बदललं. शेवटी दोघांचे गुण जुळले, तेव्हा कय्यूमभाईंनी सगळ्यांना चहा पाजला. वर्षाच्या मध्ये अर्थ बदलायचा नाही, हा नियमही त्यांनीच घातला.

ही पारख केली ती मात्र सडकेवरच्या गावांत, जिथवर त्यांची लूना जाई.

गोकुळाचा अर्धा टोला, म्हणजे वस्ती, नदीपलीकडे. पावसाळ्यात डोंगा बंद. ती काचांची पेटी घेऊन काठावर उभी राही आणि परत येई. भेटी राहिल्या. मार्चला रीतानं दोन दिले, सुरेंद्रनंही दोनच.

"मी तं या बारी तीन देणार होतो, भाऊ," सुरेंद्र म्हणाला. "तुमचं लिवलेलं वाचलं, अन् हात थांबला."

कय्यूमभाई सचिवांकडे गेले. जे बाईच्या हातात नाही ते तीनमध्ये घालायलाच नको होतं, म्हणाले. सचिवांना पटलं. पुढच्या वर्षी दुरुस्त करू, म्हणाले. पण यंदा याच मापानं बाकीच्याही बाया गेल्या, त्यांना काय सांगायचं?

ते स्वतः गोकुळाकडे गेले. ती जाळं शिवत होती. भांडेल, शिव्या देईल, असं मनाशी धरूनच ते बसले.

"दोनचं काय लिवलं हाय, वाचून दाखवा," ती म्हणाली.

त्यांनी वाचलं.

"खरं हाय," ती म्हणाली. "राह्यल्या भेटी."

"बाई, चूक माझी हाय. तुमी भांडा ना."

"कोणाशी भांडू, भाऊ? सुरेंद्रनं आपल्या मनानं दिले असते तं भांडली असती."

तिनं काचांची पेटी आणून त्यांच्यापुढे ठेवली आणि पुन्हा जाळ्याशी बसली. पलीकडच्या टोल्यावर त्या वर्षी कुणी गेलं नाही.