कोणी काय घेतले

निवृत्तीनंतर आम्ही तिघे शिक्षक दर महिन्याला एकदा वाशीमच्या बसस्थानकाजवळच्या शाकाहारी भोजनालयात भेटत असू. मी संस्कृतचा. दुसरे गणिताचे सर. तिसरे चित्रकलेचे सर, ते अनसिंगहून एसटीने येत. बिलाचे नेहमी तीन समान भाग होत. त्यावर चर्चा करणे आम्हांला कमीपणाचे वाटे.

जेवताना बोलू नये, दृष्टी आपल्या पात्रावर ठेवावी, असे मला बालपणी पाठशाळेत शिकवले गेले. चित्राहुती घालून मी मान खाली घालतो, ती आचमनापर्यंत वर करत नाही. अन्नाविषयीचा हा आदर मी आयुष्यभर पाळला, आणि त्याचा मला थोडा अभिमानही होता.

त्या दिवशी एकादशी होती. मी एक पेलाभर दूध घेतले आणि मनातल्या मनात जप करीत बसलो. बिल आले सहाशे तीस रुपयांचे.

"गुरुजींनं एक दूध पेलं अन् दोनशे दहा द्यायचे? हे काई बरोबर नाई," गणिताचे सर म्हणाले. लेकीने त्यांना नवा मोबाइल दिला होता आणि त्यातल्या सहायकाला ते पंचांगापासून पाठदुखीपर्यंत सगळे विचारत. त्यांनी बिलाचा फोटो काढला, खाली 'वाटणी' एवढाच शब्द लिहिला आणि पाठवला.

"आता पाहा, हे आपल्या तिघांईपेक्षा हुशार हाय."

"तुमच्यापेक्षा तर कोणीबी असते," चित्रकलेचे सर म्हणाले.

उत्तर आले ते आकड्यांचे नव्हते. सरांनी मोठ्याने वाचले. बिलात शेवभाजी, दालतडका, जिराभात, सहा रोट्या, एक ताक आणि एक दूध मिळून सहाशे रुपये होतात, वर पाच टक्के कराचे तीस. वाटण्यापूर्वी कृपया सांगा, कोणी काय घेतले? कोणते पदार्थ कोणाकोणांत वाटून खाल्ले? कर ज्याच्या त्याच्या खाण्याच्या प्रमाणात लावू, की सर्वांवर सारखा?

"दूध गुरुजींचं, ताक तुमचं," गणिताचे सर मोजू लागले. "भाजी, दाल, भात आपल्या दोघांत. रोट्या मी तीन, तुमी तीन. बरोबर?"

"बरोबर."

तेवढ्यात वाढपी ताटे उचलायला आला. वयाने पन्नाशीचा, बोलण्यात सरळ. चित्रकलेच्या सरांच्या ताटावरचा कागदी रुमाल त्याने उचलला. खाली तीनही रोट्या अखंड होत्या. वाटीतली भाजी साय धरून बसली होती.

"सर, याही महिन्यात तसंच? काहून मागवता मंग?" तो सहज म्हणाला आणि ताट घेऊन गेला.

गणिताच्या सरांचे बोट पडद्यावर थांबले होते.

"दिवाळीपासून घास उतरत नाई," शेवटी चित्रकलेचे सर म्हणाले. "पातळ तेवढं जाते."

"मंग सांगतलं काहून नाई?"

"सांगतलं असतं तर तुमी दवाखान्यात भेटाले आले असते. इथं कोण बसलं असतं?" मग शांतपणे, "लिहा तुमी. अर्धं माझं."

"खाल्लं नाई ते कसं लिहू?"

"मागवलं तर होतं ना. लिहा."

गणिताच्या सरांनी तसे लिहिले. कर प्रमाणात लावायला सांगितला. माझे एकवीस, त्यांचे दोनशे चौऱ्याण्णव, चित्रकलेच्या सरांचे तीनशे पंधरा. बेरीज अचूक होती. एका पेलाभर ताकासाठी त्यांनी तीनशे पंधरा रुपये टेबलावर ठेवले. आम्ही ते वाढप्याला उचलू दिले. याहून लज्जास्पद काही मी केल्याचे मला आठवत नाही.

दुसऱ्याच दिवशी आम्ही त्यांना अकोल्याला नेले. दुर्बीण घालून तपासल्यावर डॉक्टरांनी आम्हां दोघांना बाहेर बोलावले आणि विचारले, "रोटी कधी बंद झाली? भात कधीपर्यंत जात होता? वजन कधीपासून उतरलं?" सर आत गुंगीत होते, घरी त्यांना विचारणारे कोणी उरले नव्हते. महिन्यामागून महिना त्यांच्यासमोर बसलेले आम्हीच. गणिताचे सर माझ्याकडे पाहू लागले. मला फक्त माझे ताट आठवत होते.

अन्ननलिकेचा रोग वर्षाच्या आत त्यांना घेऊन गेला. अखेरच्या आठवड्यांत ताकही उतरेना. मी चमच्याने ओठ ओले करी आणि प्रत्येक चमच्यासरशी त्यांच्या गळ्याकडे पाहत बसे.

आता जेवताना माझी मान खाली राहत नाही. व्रत मोडले, असे पाठशाळेतले गुरुजी म्हणाले असते. भोजनालयात आम्ही दोघेच जातो. मी समोरच्याच्या रोट्या मोजतो. ते त्यांना कळते आणि ते मुकाट्याने शेवटचा तुकडासुद्धा संपवतात.