मी काढून टाकल्यावर

ताईच्या पोस्टखाली पहिली प्रतिक्रिया आली ती ‘भावपूर्ण श्रद्धांजली’. तिच्यामागून आणखी सहा जणांनी श्रद्धांजली वाहिली. एकाने हात जोडले. सोसायटीच्या ग्रुपवर काय वाचतोय हे न बघता हात जोडायची पद्धत असतेच, पण या वेळी दोष त्यांचा नव्हता. चौथ्या मजल्यावरच्या काकांनी मात्र शेवटपर्यंत वाचलं आणि लिहिलं, ‘छान केलंत. पण आमच्याकडून नेमकं काय अपेक्षित आहे?’

ताईला काम हवं होतं. आईचा डावा भाग लुळा पडला तेव्हा तिने छापखान्यातली मुद्रितशोधकाची नोकरी सोडली आणि नऊ वर्षं कोथरूडच्या त्या दोन खोल्यांत आईचं केलं. लग्न तिने केलं नव्हतं, त्यामुळे ‘तिला काय, ती मोकळीच आहे’ असं सगळे म्हणत, आणि सगळ्यांत मोठ्याने मी म्हणत असे. आई गेल्यावर ती त्रेपन्न वर्षांची होती आणि नोकरीला तिला कोणी उभं करत नव्हतं. “मग जे येतं तेच करते,” ती म्हणाली. “लोकांच्या आईवडिलांजवळ दिवसभर थांबेन. नाहीतर या घरात मला वेड लागेल.” एवढंच तिचं मागणं होतं, आणि त्यासाठी तिने ती पोस्ट लिहिली होती.

मी जाहिरातींचा मजकूर लिहितो. ऑफिसात नवी मुलं आली की पहिल्याच दिवशी त्यांच्या हातात लाल पेन देतो आणि सांगतो, मजकुरातल्या प्रत्येक ‘मी’ला आणि ‘आम्ही’ला गोल करा. वाचणाऱ्याला तुमच्याशी घेणंदेणं नसतं, त्याला स्वतःचं पडलेलं असतं. हे मी इतक्या वेळा सांगितलंय की झोपेतही बोलेन. त्यामुळे रविवारी ताईने फोन माझ्यापुढे सरकवून “बघ बाबा, तुझा धंदा आहे” म्हटलं, तेव्हा मला वाटलं, दहा मिनिटांचं काम.

चौदा ‘मी’ होते. मी कोथरूडला राहते. मी नऊ वर्षं आईचं सगळं केलं. मी तिला भरवत होते. मी दर दोन तासांनी तिची कूस बदलत होते. मी तिच्या पाठीला एकही जखम होऊ दिली नाही. मी रात्री तिच्या खोलीतच झोपत होते. मी नऊ वर्षांत एकदाही गावाला गेले नाही. हे वाचताना मी एकेका ओळीला मनात गोल करत होतो आणि प्रत्येक गोलाबरोबर, तेव्हा मी कुठे होतो हे आठवत होतं. मी यायचो रविवारी. येताना फळं आणायचो, जी आईला चावता येत नसत.

आधी मी नुसते ‘मी’ काढले. मराठीत ते सोपं असतं, वाक्य काही मोडत नाही. पण ताई मुद्रितशोधक. चष्मा नाकावर ओढून म्हणाली, “अरे, ‘मी’ गेला, पण ‘होते’ तिथेच बसलंय की. ‘भरवत होते’ म्हणजे कोण, शेजारीण?” बरोबर होतं. क्रियापदात माणूस लपून बसतो. त्याला हाकलायचं तर वाक्याचा कर्ताच बदलावा लागतो, आणि वाचणाऱ्याला तिथे आणून बसवावं लागतं.

मग मी नेहमीची युक्ती केली. वाचणारा एकच माणूस डोळ्यांसमोर आणला. हिंजवडीला ऑफिस, घरी आई अंथरुणावर, मीटिंगमध्ये फोन सायलेंटवर, आणि मनात सारखी धाकधूक. अशा माणसाला काय हवं असतं ते मला शोधावं लागलं नाही. बोटं आपोआप चालली. कूस बदलण्याची ओळ त्याच्या बाजूने फिरवली, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी कूस बदलली जाईल. भरवण्याची ओळ झाली, जेवण आणि गोळ्या वेळेवर होतील, तुम्हाला मधेच फोन करून विचारावं लागणार नाही. रात्री खोलीत झोपण्याची ओळ काढली, कारण काम दिवसाचं होतं. गावाला न जाण्याची ओळही काढली. त्यात वाचणाऱ्याचा काही फायदा नव्हता. सुरुवातीला वजनदार, अदबीचं वाक्य टाकलं आणि ताईला वाचून दाखवलं.

“आपण ऑफिसात असताना आपल्या आईजवळ दिवसभर कोणीतरी मायेचं असेल.”

मी वर बघितलं तर ती आईच्या पलंगाच्या जागेकडे बघत होती. पलंग आम्ही देऊन टाकला होता, फरशीवर चार पायांचे डाग राहिले होते.

“आपल्या आईजवळ?” ती म्हणाली. “आपली तर गेली रे.”

अदबीच्या ‘आपण’मध्ये हा घोटाळा असतोच. समोरच्याला मान देतो आणि त्यात आपणही अडकतो. मी घाईघाईने म्हणालो, “अगं, आपल्या म्हणजे त्यांच्या. ‘तुमच्या’ करतो.” आणि केलं. पण तोवर मला कळून चुकलं होतं की तो हिंजवडीचा माणूस मी कुठून आणला. तो सगळा फायदा माझा वापरून झालेला होता. नऊ वर्षं माझ्या आईजवळ कोणीतरी मायेचं होतं आणि मी त्याची जाहिरात आज लिहीत होतो. मला फार लाज वाटली. सॉरी म्हणावंसं वाटलं, पण हातात तिचा फोन, स्क्रीनवर अर्धवट मजकूर. तिला तो पुरा करून हवा होता.

शेवटी दोन ‘मी’ उरले होते. ‘मी हे काम नऊ वर्षं घरी केलं आहे’ हा राहू दिला. विश्वास ठेवायला वाचणाऱ्याला काहीतरी लागतं. दुसरा होता, ‘आई गेली तेव्हा मी जवळ होते.’ नियमाने तो पहिल्यांदा जायला हवा. काम मागताना मरणाचं नाव काढत नाहीत, श्रद्धांजल्याही त्याच ओळीने आणल्या होत्या. पण माझं बोट त्यावर जाऊन थांबायचं आणि परत यायचं. जवळ तीच होती. मी नव्हतो.

“काढ ते,” ताई म्हणाली. “ते वाचून कोण बोलावेल?”

“राहू दे ना एखादं.”

“तुझ्या ऑफिसात राहू देतोस का?”

मी काढलं. एकेक अक्षर मागे जात पुसलं गेलं. मजकूर उत्तम झाला होता, हे त्यातलं सगळ्यांत वाईट.

मी पोस्ट टाकली. तिने चहा ठेवला. चहा गाळून होईपर्यंत फोन वाजला, शेजारच्या सोसायटीतल्या बाई होत्या, पोस्ट कोणीतरी त्यांना पुढे पाठवली होती. ताईने फोन स्पीकरवर टाकून ओट्यावर ठेवला आणि कप पुसत बोलू लागली. उद्यापासून याल का, असं त्या विचारत होत्या. ताईचा चेहरा कित्येक महिन्यांनी उजळला. मग त्या बाईंनी विचारलं, “नऊ वर्षं म्हणजे कोणाचं केलंत तुम्ही?”

ताईने माझ्यापुढे कप ठेवला. आवाजात राग नव्हता, कुठली कुजकट धारही नव्हती.

“माझ्या भावाच्या आईचं,” ती म्हणाली.