राहिलेली पात

बारामतीत ड्रोन चालवायला शिकवणारी करुणा सोनवणे मूळची कळस गावची. लहानपणी ती आईबरोबर खुरपायला जायची. तिथं प्रत्येक बाईला आपापली पात, म्हणजे खुरपायचा पट्टा, ठरवून दिलेली असे. पुढे तीच शिस्त तिने ड्रोनना लावली.

एके दिवशी कळसहून तिच्या जुन्या शेजाऱ्याचा, समाधानचा फोन आला. त्याची विसराळू झालेली आई, पुतळाबाई, दुपारपासून सापडत नव्हती. करुणा चार ड्रोन घेऊन पोचली तेव्हा ऊन कलायला लागलं होतं.

तिने शिवाराच्या चार पाती पाडल्या. शेजारच्या दोन पातींमधली कड दोन्ही कॅमेऱ्यांत यावी एवढंच अंतर ठेवलं, आणि टक्कर नको म्हणून प्रत्येक ड्रोनची उंची वेगळी. ड्रोन फिरून आले, पण पुतळाबाई दिसली नाही.

"समदं बघून झालं की गं!" समाधान खचून म्हणाला.

"न्हाय तात्या, चौथा लवकर आला. लांब गेल्यावर संपर्क तुटला, म्हणून आपणहून माघारी फिरला. त्याची पात अर्धीच खुरपलीया!"

तिने पहिला ड्रोन मधोमध उंचावर उभा केला, चौथ्याचे निरोप इकडे पोचवायला. चौथा पुन्हा निघाला आणि या खेपेला पार टोकापर्यंत गेला. पडद्यावर बांधाच्या सावलीत तांबडं लुगडं दिसलं.

समाधान फोन कानाला लावूनच धावला. थोड्या वेळाने करुणाला फोनवर पुतळाबाईचा खणखणीत आवाज ऐकू आला.

"आलास व्हय रं? ती घार कवाची घिरट्या घालतीया. आधी कोंबड्या झाक!"