नऊ इंचांचा खड्डा

निवृत्त झाल्यावर आम्ही पिंपळगावच्या अलीकडे तेरा-चौदा गुंठ्यांचा एक तुकडा घेतला. मिस्टरांना तिथे आंबा-चिकू लावायचा होता आणि मला शहरातल्या गंगापूर रोडच्या फ्लॅटमधून आठवड्यातून दोन दिवस बाहेर पडायचं होतं. पण मोकाट जनावरं फार, त्यामुळे रोपांच्या आधी कुंपण करणं भाग होतं.

कुंपणासाठी शेजारच्या द्राक्षबागायतदाराने एक मिस्त्री सुचवले. पन्नाशीचे, उंच, कमी बोलणारे. पिंपळगावातलंच मुसलमान कुटुंब. नवरा-बायको दोघं मिळून काम करायचे. ते खड्डे घ्यायचे, पोल ओळंब्यात उभे करायचे. त्या माल कालवायच्या आणि घमेल्याने आणून ओतायच्या. त्यांना मी भाभी म्हणायचे. ते दोघं मला बाई म्हणायचे, कारण शेजाऱ्याने पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं की ह्या बाई हायस्कुलात गणित शिकवायच्या.

साठ पोल लागणार होते. चार इंच बाय चार इंचाचे सिमेंटचे पोल, दोन फूट जमिनीत. खड्डे ट्रॅक्टरला जोडलेल्या मशीनने पाडायचे ठरलं होतं, त्याचं पातं नऊ इंचांचं. किती सिमेंट सांगू, असं मी मिस्त्रींना विचारलं. ते म्हणाले, "खड्डे पडू द्या बाई, मग सांगतो."

मला ते उत्तर आवडलं नाही. हिशेब करता येत नाही म्हणून माणूस असं बोलतो, असं मला वाटलं. घरी येऊन मी कागद घेतला. नऊ इंच म्हणजे पाऊण फूट व्यासाचा, दोन फूट खोल गोल खड्डा. त्याचं घनफळ ०.८८ घनफूट. त्यातली पोलने व्यापलेली जागा ०.२२. ती वजा केली की एका खड्ड्याला काँक्रीट ०.६६ घनफूट. एक भाग सिमेंट, दोन भाग वाळू, चार भाग खडी अशा मालात एका गोणीचं काँक्रीट साडेपाच घनफुटांच्या आसपास होतं. म्हणजे एका गोणीत आठ पोल. साठ पोलांना साडेसात. मी आठ गोण्या पाठवल्या. कागद मिस्टरांना दाखवला तेव्हा मला चक्क अभिमान वाटत होता. एवढी वर्षं वर्तुळाचं क्षेत्रफळ शिकवलं, आता ते आपल्याच जमिनीत उपयोगी पडलं.

काम सुरू झालं त्या दिवशी दुपारी मिस्त्रींचा फोन आला.

"बाई, मशीन माघारी धाडलं. खाली मुरूम हाय, दगडगोटे लय. पातं जाईना. पहारीनं घेतो."

"घ्या की," मी म्हणाले. "फक्त दोन फूट खोली सोडू नका."

"खोली नाय सोडणार. पण..."

माझ्याकडे पाहुणे आले होते. मी पुढचं ऐकलं नाही, फोन ठेवला. तो "पण" मी ऐकून घेतला असता तर हे लिहायची वेळच आली नसती.

तीन दिवसांनी मी गेले तेव्हा बत्तीस पोल उभे होते, एका रेषेत, दोरी लावल्यासारखे. बाकीचे अठ्ठावीस खड्डे उघडे होते. भाभी बांधावर बसल्या होत्या आणि त्यांच्या शेजारी आठ रिकाम्या गोण्या घडी घालून ठेवल्या होत्या.

"सिमेंट संपलं बाई," मिस्त्री म्हणाले. "अजून सात गोण्या लागतील."

मी मनातल्या मनात भागाकार केला. आठ गोण्यांत बत्तीस पोल, म्हणजे गोणीला चार. माझ्या कागदावर आठ होते. बरोबर निम्मे. नेमक्या त्याच आठवड्यात शेजाऱ्याच्या पलीकडे एका गोठ्याला सिमेंटचा नवा कोबा झाला होता, येताना मी तो पाहिला होता. माझ्या डोक्यात दोन गोष्टी एकमेकींना चिकटल्या.

"मिस्त्री, माझं सिमेंट कुठं गेलं?"

शेजारी तिथेच उभे होते. त्यांच्या बागेत काम करणाऱ्या चार-पाच बायकाही हात थांबवून बघू लागल्या.

"जमिनीत गेलं बाई."

"जमिनीत एवढं जात नाही. चार गोण्यांचं काम आहे हे. उरलेल्या चार गोण्या कुठं आहेत ते सांगा."

मिस्त्रींनी खिशातून टेप काढून माझ्यापुढे धरला आणि पायाजवळच्या उघड्या खड्ड्याकडे बोट केलं. "हा उघडा हाय. मोजून बघा."

टेप माझ्यापासून हातभर अंतरावर होता. मी तो घेतला नाही.

"मोजायला मला शिकवू नका," मी म्हणाले. "जन्मभर तेच शिकवलंय मी."

त्यांनी टेप खिशात ठेवला. कुणी आवाज चढवला नाही. भाभी उठल्या, त्यांनी फावडं, घमेली हौदावर नेऊन धुतली, पहार फडक्यात गुंडाळली. दोघं मोटारसायकलवर बसून निघून गेले. झालेल्या कामाची मजुरी त्यांनी नंतर शेजाऱ्यामार्फत घेतली, माझ्या हातून नाही.

उरलेल्या अठ्ठावीस पोलांसाठी मी दुसरी माणसं लावली. माझ्या हिशेबाने साडेतीन गोण्या होत होत्या, मी चार दिल्या आणि बजावलं, "यापेक्षा एक चमचा जास्त मिळणार नाही." त्यांनी मान हलवली आणि एका दिवसात काम संपवलं. चार गोण्यांत अठ्ठावीस पोल! संध्याकाळी मी शेजाऱ्याला बांधावर बोलावून म्हणाले, "बघा. होतं की नाही?" त्यांनी पोलांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "होय की," म्हणाले. नंतर कळलं की हायवेलगतच्या द्राक्षांच्या एका पॅकहाउसच्या कंपाउंडचं काम त्या मिस्त्रींना मिळणार होतं, ते दुसऱ्याला गेलं. ऐकून मला वाईट वाटलं नाही. शहाण्या माणसाने चौकशी केली असेल, असंच मी म्हणाले.

तार ताणली तेव्हाच तेहतिसाव्या पोलापासूनची रांग जराशी हलल्यासारखी दिसली होती. पावसाळा संपत आला तेव्हा शेजाऱ्याचा फोन आला. "बाई, तुमचे पोल झुकले. दोन तर पार आडवे झालेत."

आम्ही गेलो. पहिले बत्तीस जसेच्या तसे होते. त्यानंतरचे एकेक करत आत कलले होते. एक आडवा पोल शेजाऱ्याने ओढून बाजूला केला, तर त्याच्या गळ्यात जेमतेम फूटभर उंचीचा काँक्रीटचा गोळा अडकलेला होता. खाली खड्ड्यात नुसते दगड आणि मुरूम. त्या माणसांनी दिलेल्या सिमेंटात काम बसवलं होतं: खाली माती-दगड, वर झाकण.

मिस्टर खाली वाकले. त्यांनी त्या गोळ्यावर आडवा टेप लावला आणि मला आकडा दाखवला. बारा इंच.

मी तिथेच बांधावर बसून मोबाईलवर आकडे मांडले. एक फूट व्यास, दोन फूट खोल: १.५७ घनफूट. पोल तेवढाच, ०.२२. राहिलं १.३५. माझ्या ०.६६च्या दुपटीहून थोडं जास्तच. गोणीला चार पोल. आठ गोण्यांना बत्तीस. उरलेल्या अठ्ठाविसांना सात. मिस्त्रींनी अगदी हेच आकडे मला उभ्या उभ्या सांगितले होते.

दोन फूट खोल खड्डा पहारीने घ्यायचा तर नऊ इंचांत हात आत जाऊन माती उपसता येत नाही, खड्डा फूटभर होतोच. तीनच इंच वाढले, पण व्यासाचा वर्ग होतो, आणि पोल काही त्याबरोबर जाड होत नाही; वाढलेली सगळी जागा काँक्रीट खातं. हे मी शाळेत मुलांना किती वेळा विचारलं असेल. व्यास बदलला की क्षेत्रफळ किती पटीने बदलेल? हात वर करा.

चार दिवसांनी मी त्यांच्या घरी गेले. मिस्त्री नुकतेच कामावरून आले होते. आता ते दुसऱ्या एका ठेकेदाराच्या हाताखाली जात होते, रोजाने. त्यांनी खुर्ची दिली. भाभींनी पाणी आणलं.

"माझी चूक झाली," मी म्हणाले. "खड्डे बारा इंचांचे होते. मी नऊ धरले होते."

"माहीत हाय बाई," ते म्हणाले. "फोनवर तेच सांगत होतो."

"मी त्या दिवशी टेप घ्यायला हवा होता."

"जाऊ द्या."

पण भाभी दाराशीच उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "बाई, तुम्ही बोललात ते बांधावर, लोकांसमोर. आणि मागं घ्यायला इथं घरात आलात."

मिस्त्री त्यांना "राहू दे" म्हणाले. पण त्यात काहीच खोटं नव्हतं. उरलेलं काम तुम्ही येऊन कराल का, असं विचारायचं मी ठरवून गेले होते. माझ्याने विचारवलं नाही. निघताना त्यांनीच सांगितलं, "सात गोण्या आणा. माल ओतताना काठीनं कोचायला सांगा, नाहीतर पोकळी राहती."

तिथून मी सरळ बांधावर गेले. शेजारी बागेत होते, त्या बायकाही होत्या. मी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं की सिमेंट कुठेही गेलं नव्हतं, हिशेब माझा चुकला होता, तो माणूस चोख आहे. बायका एकमेकींकडे बघून हसल्या, बाईंना आज काय झालं अशा. शेजारी म्हणाले, "अहो बाई, ते आता कोणाच्या ध्यानात हाय?" मला हायसं वाटणार, एवढ्यात ते पुढे म्हणाले, "आणि तसं बी, ते मिस्त्री सिमेंटवर जरा हात मारतात म्हणं. एकदोघांकडून ऐकलंय मी."

"कुणाकडून?"

त्यांना आठवेना.

त्यांनी ते कुणाकडून ऐकलं असेल हे मला ठाऊक होतं. त्या दिवशी माझ्या तोंडून निघालेलं वाक्य कुठे कुठे फिरून, माझं नाव गाळून, परत त्याच बांधावर आलं होतं. आता ते माझं राहिलंच नव्हतं, त्यामुळे मला ते मागे घेताही येत नव्हतं.

अठ्ठावीस पोल मी पुन्हा बसवून घेतले. सात गोण्या लागल्या. प्रत्येक खड्ड्याशी उभी राहून मी स्वतः टेप लावला. काही साडेअकरा निघाले, काही साडेबारा. कुंपण आता पक्कं आहे आणि आत आंबे गुडघ्याएवढे झालेत. त्या बाजूला कुणी जमीन घेतली की मी आपणहून त्या मिस्त्रींचा नंबर देते आणि काय घडलं तेही सांगते. लोक नंबर लिहून घेतात. आजवर एकानेही त्यांना फोन केल्याचं माझ्या कानावर आलेलं नाही.