लाखेचा वास

आज नात लाखेच्या बांगड्या घेत होती. तापल्या लाखेचा वास आला आणि मला वीस वर्षांपूर्वीची जयपूरची आमची सरकारी कचेरी दिसली.

दफ्तरी रामजीलाल टपाल सील करत होता. उकळती लाख बोटावर सांडली, तरी त्याचा हात हलला नाही. सगळ्यांनी ते पाहिलं. त्यानंतर त्याने भरलेल्या माठातलं पाणी कुणी प्यायलं नाही.

त्याने कुष्ठरोगाचे उपचार पूर्ण झाल्याचा दाखला आणला. "साहबजी, बीमारी गई. बस, हाथ सुन्न है."

अशा माणसाला काढता येत नाही, त्याच पगारावर दुसरं काम द्यावं लागतं, हा कायदा मला ठाऊक होता. तरी मीच त्याचा 'स्वेच्छेने' दिलेला राजीनामा टाइप केला. त्याने सही केली.

राजीनाम्याचं पाकीट मुख्य कार्यालयात जायचं होतं. त्याने विचारलं, "सील भी मैं ही लगाऊँ?"

मी म्हणालो, "हाँ."