बाबांना कुत्र्याचं पत्र

बाबा मुंबईला कारखान्यात होते. आई आणि मी रत्नागिरीपासून तासाभरावरच्या वाडीत. ऐंशीच्या दशकातली गोष्ट, माझी नववी नुकतीच संपली होती. बाबांच्या प्रत्येक पत्रात पहिल्या ओळी आमच्या कुत्र्यासाठी असत. जेवतो ना, कानाची जखम भरली का, ऊन फार आहे तर पाणी ठेवता ना. मग मी अभ्यास करावा हा हुकूम, आणि जागा उरलीच तर आईची चौकशी. मला याचा भारी राग यायचा. म्हणून त्यांच्या वाढदिवसाला (दाखल्यावर मास्तरांनी लावलेली तारीख, खरी कोणालाच ठाऊक नव्हती) मी ठरवलं, एवढा लाडका आहे ना, तर पत्र त्यालाच लिहू दे.

आईची पत्रंही मीच लिहायची. त्यांचा मजकूर ठरलेला, सर्व खुशाल आहे, काळजी नसावी. दूर असलेल्या माणसाला घरातलं दुखणंखुपणं कळवायचं नाही, हा वाडीतल्या सगळ्या बायकांचा कायदा होता.

कुत्र्याच्या नावाने लिहायला बसले तेव्हा कळलं, ते वाटतं तितकं सोपं नाही. पहिला कागद फाडला, कारण त्यात कुत्रा माझ्यासारखा शहाणपणा करत होता. कुत्र्याला माझे मार्क कशाला ठाऊक असतील? मग नियम केला. त्याला गुडघ्याच्या उंचीवरून दिसेल तेवढंच लिहायचं. माणसं ओळखायची ती पायांवरून आणि वासावरून. आणि जग चांगलं की वाईट हे ठरवायचं ते त्याच्या पोटावरून. दोन दिवस मी त्याच्या मागे हिंडले. तो आईच्या मागे हिंडत होता.

निळ्या आंतर्देशीय पत्रावर शेवटी असं उतरलं:

"मालक, वाढदिवसाच्या शेपूटभर शुभेच्छा. तुमची जुनी चप्पल मी अजून खाल्लेली नाही, रोज वास घेऊन ठेवून देतो. इथे माझी चैन आहे. बाईसाहेब स्वतःची अर्धी भाकरी रोज मला घालतात. खालच्या विहिरीवरून येताना पूर्वी त्या मला धावायला लावायच्या, आता वाटेत तीनदा बसतात, म्हणून तीनदा माझी मान खाजवून मिळते. दुपारी गोठ्यामागे जमिनीवरच आडव्या होतात, मी पायाशी झोपतो. त्यांचे पाय थंडगार लागतात, उन्हाळ्यात फार बरं वाटतं. या लवकर. मुलगी माझे तुमच्याइतके लाड करत नाही."

खाली सही म्हणून पंजा. दौतीतली शाई फडक्यावर ओतून त्याचा पाय त्यावर दाबला. ठसा तीन बोटांचाच उठला, आणि बाकीची शाई त्याने आईच्या धुतलेल्या लुगड्याला पुसली. आई ओरडली नाही, नुसती हसली. पत्र पेटीत टाकताना मी स्वतःवरच खूश होते.

पाचव्या दिवशी सकाळी बाबा दारात उभे. रजा नाही, निरोप नाही, हातात एक पिशवी. मी धावत गेले तर त्यांनी मला बाजूला सारलं. वाढदिवसाच्या पत्राचं कौतुक करायला आले असतील असं मला खरंच वाटलं होतं. नंतर त्यांनीच सांगितलं, खोलीवरच्या सोबत्यांना त्यांनी पत्र मोठ्याने वाचून दाखवलं, चपलेपर्यंत सगळे हसत होते, मग वाचता वाचता तेच थांबले.

"तुम्ही असे कसे आलात?" आईने विचारलं.

"किती दिस रगत जातंय?"

आईचा चेहरा पांढरा पडला. "तुमाला कोणी सांगितलान?"

"कुत्र्यान सांगितलान," बाबा म्हणाले, आणि माझ्याकडे बघितलं.

रक्त? कसलं रक्त? मी तर गंमत लिहिली होती! बाबांची आई असंच अंगावरून रक्त जाऊन गेली होती. अशीच वाटेत बसायची, असेच थंड पाय. हे मला कधी कोणी सांगितलं नव्हतं. बायकांच्या दुखण्याबद्दल आमच्या घरात पोरीसमोर बोलत नसत.

त्याच सकाळच्या एस.टी.ने तिला रत्नागिरीच्या दवाखान्यात नेलं. पोटात गाठ होती, अंगात रक्त जवळजवळ उरलंच नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी आधी बाटल्या चढवल्या, मग ऑपरेशन केलं. आणखी महिनाभर काढला असता तर आम्ही काही करू शकलो नसतो, असं त्यांनी बाबांना सांगितलं. मी भिंतीला टेकून ऐकत होते.

टाके काढल्यावर आईने बाबांच्या खिशातलं ते पत्र वाचून दाखवायला सांगितलं. शेपूटभर शुभेच्छांना ती टाक्यांवर हात धरून हसली. तीनदा बसण्यापाशी मी थांबले, तरी तिने शेवटपर्यंत वाचायला लावलं.

"एवढं सगळं बघत होतीस," ती म्हणाली, "मग मला का नाय गो विचारलंस?"