तक्त्यावर झाकलेला पुठ्ठा

मी पुण्याहून बेंगळुरूला आलो तेव्हा माझ्याजवळ एक सुटकेस, एक डिग्री आणि स्वतःबद्दलचं अवास्तव चांगलं मत होतं. सुटकेस पहिल्याच महिन्यात फुटली. मत बरंच टिकलं.

नोकरी मल्लेश्वरममध्ये, एका साडीच्या दुकानाच्या डोक्यावर. परदेशातल्या एका ग्रंथालयाकडे आपल्याकडच्या जुन्या इंग्रजी वर्तमानपत्रांची पानं फिल्मवर होती. ते त्यांची स्कॅन केलेली चित्रं सीडीवर पाठवत. आम्ही सॉफ्टवेअर लावून चित्रातली अक्षरं ओळखायची, बातम्या सलग लावायच्या, तक्ते वेगळे काढायचे आणि परत पाठवायचं. अक्षरं ओळखणारं सॉफ्टवेअर विकतचं होतं आणि तसं शहाणंही होतं. पण पानावर आधी काय वाचायचं आणि नंतर काय, हे त्याला कळत नसे. पाच कॉलमचं पान समोर आलं की ते लग्नाच्या पंगतीत शिरलेल्या परक्या माणसासारखं कुठंही बसायचं.

म्हणून ते काम अक्का करत. अक्का तिथल्याच, कित्येक पिढ्या कर्नाटकात मुरलेल्या मराठी घरातल्या. वीस-बावीस वर्षं एका इंग्रजी दैनिकाच्या छापखान्यात प्रूफं वाचली होती. छपाईचे शिशाचे खिळे गेले, कॉम्प्युटर आले आणि छापखान्यानं त्यांना हार घालून घरी पाठवलं. यजमान कामाला होते ती गिरणी त्याआधीच बंद पडलेली, त्यामुळे घर यांच्याच पगारावर. प्रत्येक पानाच्या छापील प्रतीवर त्या लाल पेन्सिलीनं चौकटी आखत, त्यांना क्रमांक देत, आणि ते बघून ऑफिसातली मुलं माऊसनं तशाच चौकटी पडद्यावर काढत. शेवटी अक्का वाचून पानाच्या कोपऱ्यात सही करत. करारातच होतं, प्रूफरीडरच्या सहीशिवाय पान जाणार नाही.

हे सगळं मला फार मागासलेलं वाटलं. पेन्सिल! मी साहेबांना सांगितलं, "हे माझा प्रोग्राम करील." साहेब गृहस्थ सज्जन होते आणि सज्जन माणसं असतात तसे थेट बोलायला भित्रे होते. त्यांनी आधी मला चहा पाजला आणि मग म्हणाले की नमुन्याची पानं प्रोग्रामनं नीट काढून ग्राहकानं पसंत केली, तर मोठं काम मिळेल आणि मग पेन्सिलीच्या विभागाची गरज उरणार नाही. त्या विभागात एकच माणूस होतं. मला ते कळलं. मी चहा संपवला.

अक्कांनाही कळलं होतं. त्या ऑफिसात भिंती प्लायवूडच्या होत्या. तरी दुपारी डबा उघडला की पहिला चमचा माझ्या ताटलीत पडायचाच. "खा रे, पुण्याचं पोर. तिखट सोसतं ना स्वल्प?"

प्रोग्राम मी दीड महिन्यात लिहिला. कल्पना सोपी होती. पानावर दोन कॉलमांच्या मधे वरून खालपर्यंत कोरी पट्टी असते. ती शोधायची, तिथं पान उभं कापायचं. मग प्रत्येक तुकड्यात आडव्या कोऱ्या पट्ट्या शोधायच्या, तिथं आडवं कापायचं. डावीकडून उजवीकडे, वरून खाली. कापलेला एखादा अरुंद उभा तुकडा जवळजवळ सगळा आकड्यांचाच निघाला तर तो तक्त्याचा भाग समजायचा आणि शेजारच्या तुकड्याला ओळीस ओळ जोडून टाकायचा. ग्राहकानं अक्षरं मोजणारी एक चाचणी दिली होती. मूळ पानातली किती अक्षरं बरोबर उतरली ते ती सांगायची. माझ्या पानांना जवळजवळ पैकीच्या पैकी मिळाले. मी घरी आईला फोन करून सांगितलं. आईला काय समजलं देवाला माहीत, पण ती खूश झाली.

सीडी कुरिअरला देण्याच्या आदल्या दिवशी सकाळी नमुन्याची पानं अक्कांच्या टेबलावर ठेवली. फक्त सह्यांसाठी. त्यांनी चष्मा पुसला, आणि वाचायलाच बसल्या.

तासाभरानं हाक आली. "अरे, इकडे ये. हे जखमी लोक कुठं कुठं फिरून आले बघ."

पान स्वातंत्र्यापूर्वीचं. पुरानं पूल खचल्याची पाच कॉलमांची बातमी. उजवीकडचे दोन कॉलम वरच्या अर्ध्यात मोकळे सोडून तिथं रेल्वेचं वेळापत्रक घातलेलं, आणि त्याच्याखाली बातमीचा चौथा आणि पाचवा कॉलम. तिसऱ्या कॉलमच्या तळाशी वाक्य होतं, जखमी मजुरांना तातडीनं हलवण्यात आलं ते... आणि माझ्या प्रोग्रामच्या मते ते बिरूर, कडूर, अरसीकेरे, तिपटूर, तुमकूर अशी सगळी स्टेशनं करत, वेळा पाळत गेले होते. सरकारी इस्पितळ त्यांना तक्ता संपल्यावर मिळालं.

मी हसलो. "क्रम चुकलाय थोडा. अक्षरं सगळी बरोबर आहेत."

"अक्षरं बरोबर आहेत रे. माणसं मेली ना तोवर." मग त्यांनी तक्त्यावर बोट ठेवलं. "आणि ही मेलगाडी. हे छोटं स्टेशन बघ. माझ्या आत्तेचं गाव. मेल तिथं कधी थांबतच नाही, आम्ही पॅसेंजरनं जायचो. तुझी थांबते. आणि बेंगळुरूला ती पोचतच नाही. तुमकूर सोडलं आणि गेली कुठं?"

मी पाहिलं आणि माझे कान गरम झाले. मूळ पानात त्या छोट्या स्टेशनासमोर मेलच्या रकान्यात वेळ नव्हती, नुसते टिंबटिंब होते. सॉफ्टवेअरनं टिंबं घाण समजून टाकून दिली. रकाना एका ओळीनं आखूड झाला. मी ओळीस ओळ जोडलेली, त्यामुळे खालची प्रत्येक वेळ एक स्टेशन वर सरकली आणि शेवटी बेंगळुरूच्या वाट्याला काहीच उरलं नाही. एकही अक्षर चुकलेलं नव्हतं, म्हणून चाचणीलाही काही दिसलं नव्हतं.

साहेब आले. त्यांनी ऐकून घेतलं आणि इंग्रजीत म्हणाले, "मॅडम, चाचणी पास आहे ना? सही करून टाका."

"नाही करणार," अक्का म्हणाल्या. त्याही इंग्रजीतच, आणि छापखान्याच्या फार चांगल्या इंग्रजीत. साहेब कुरिअर एक दिवस पुढं ढकलायला गेले.

तेव्हा मला वाटलं, बाई नोकरी वाचवते आहे. वाटलं ते सांगायला हवं, कारण पुढं जे झालं त्यानं मी अजून ओशाळतो. त्यांनी मला शेजारी बसवलं. जुन्या कॅलेंडरचा पुठ्ठा तक्त्याच्या मापाचा कापला आणि तक्त्यावर ठेवला.

"आता तक्ता नाहीच. वाच."

मी वाचलं. तिसऱ्या कॉलमचं शेवटचं वाक्य चौथ्याच्या पहिल्या शब्दाला, म्हणजे पुठ्ठ्याच्या खालच्या मजकुराला, नीट जाऊन मिळालं.

"तक्ता जुळवणारा आमच्याकडे वेगळाच माणूस असायचा. त्याचा तुकडा पानात आधी बसवायचे आणि बातमी त्याच्या कडेकडेनं वाहायची. तक्ता या बातमीचा कुणी लागत नाही रे. त्याला आधी बाहेर काढ. मग उरलेल्यांचे नंबर लाव. आणि कॉलमच्या शेवटचं वाक्य पुढच्या कॉलमात पुरं होतंय का ते बघत जा."

मग तक्ता. त्यांनी लाकडी पट्टी स्टेशनच्या नावाखाली ठेवली आणि आडवं वाचलं. जिथं काही नाही तिथं म्हणाल्या, "रिकामं." तेवढ्या शब्दात माझी सगळी चूक होती. मी ओळी मोजल्या होत्या; त्या जागा बघत होत्या. सॉफ्टवेअर प्रत्येक शब्दाची पानावरची जागा मला देतच होतं, मी ती फेकून देत होतो. मी लगेच बदल केला, पानावर सारख्याच उंचीवर असलेले शब्द एका ओळीत. पुन्हा गोंधळ. उजवीकडच्या वेळा खालच्या स्टेशनांना चिकटल्या.

अक्का हसल्या. "पट्टी बघ माझी. सरळ आहे का?" नव्हती. पान स्कॅन होताना जरासं तिरकं बसलेलं, म्हणून त्यांनी पट्टीही छपाईबरोबर तिरकी धरली होती. मी तिरकेपणा मोजून आधी पान सरळ केलं, आणि मग मेल त्या छोट्या स्टेशनावरून न थांबता निघून गेली आणि बेंगळुरूला वेळेवर पोचली.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी पानं पुन्हा सगळी वाचली आणि एकेका कोपऱ्यात सही केली. या सह्यांनी काय होणार हे खोलीतल्या सगळ्यांना ठाऊक होतं. मी म्हणालो, "अक्का, थँक्स हं." याहून बरं काही मला सुचलं नाही.

काम मिळालं; नव्या करारात सहीची अट नव्हती. महिनाअखेर अक्कांना हार घातला गेला, आयुष्यातला दुसरा. मला वेगळी केबिन मिळाली, तीही प्लायवूडची. प्रोग्रामच्या माहितीपत्रकात मी लिहिलं, 'तक्ता प्रथम वेगळा काढावा.' लेखक म्हणून खाली माझं नाव.

मग खरी पानं यायला लागली. एका पानावर तक्त्यातच दुसरा तक्ता होता. एकावर तक्ता दोन कॉलमांत तुटून अर्धा वर, अर्धा खाली. मी दोन दिवस डोकं आपटलं आणि तिसऱ्या दिवशी कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवरून अक्कांच्या शेजाऱ्यांकडे फोन लावला. ऑफिसातून लावला असता तर साहेबांना ऐकू गेलं असतं. अक्का फोनवर आल्या, धापा टाकत. मी पानाचं वर्णन केलं आणि त्यांनी डोळ्यांनी न बघता सांगितलं की तुटलेल्या तक्त्याच्या खालच्या अर्ध्यावर वरचीच रकान्यांची नावं पुन्हा छापलेली असणार, त्यावरून जोड. होती.

मग तो नेमच झाला. आठवड्यातून एकदा, कधी दोनदा, पानाची झेरॉक्स घेऊन मी बूथवर. ऑफिसात माझं नाव होत होतं. साहेब पाहुण्यांना माझ्या केबिनमध्ये आणून दाखवत.

एके दिवशी अडचण सांगायच्या आधीच त्या म्हणाल्या, "ऐक रे. तिथं काही काम असलं तर विचारशील का साहेबांना? अर्धा दिवस चालेल मला."

विचारायचं म्हणजे आधी सांगायचं की ही उत्तरं कुणाची. मी म्हणालो, "बघतो हं, अक्का." अगदी साहेबांच्या आवाजात म्हणालो. माझं मलाच ते ऐकू आलं.

त्या म्हणाल्या, "सरी, बरं. पानावर आज काय आहे? वरून सांग."

मी झेरॉक्स बूथच्या काचेला टेकवली आणि वरून सांगायला लागलो.